‘तुले दमा आवडस का व?’ : दवाखान्याच्या वेबसाइटवर स्वतःबद्दल लिहिताना

आमच्या दवाखान्याच्या वेबसाइटवर माझी ओळख करून देणारं जे पान आहे, ते जेमतेम तीनशे शब्दांचं आहे. ते लिहायला मला साडेतीन महिने लागले. ओळखीचे दोन-तीन डॉक्टर सध्या याच खटाटोपात आहेत आणि तेच प्रश्न विचारतात, म्हणून झालं तसं लिहून ठेवते.

मी अमळनेरला बालरोगाची प्रॅक्टिस करते. दोन वर्षांपूर्वी दवाखाना दगडी दरवाज्याजवळून स्टेशन रस्त्याला हलवला, पण मोबाइलच्या नकाशावर जुनाच पत्ता राहिला. तापानं फणफणलेलं पोर खांद्यावर घेऊन लोक जुन्या जागी जायचे. तिथे आता मोबाइल कव्हरचं दुकान आहे. १४ जानेवारी २०२५, संक्रांतीच्या दिवशी तो दुकानदार तिळगूळ घेऊन आला आणि म्हणाला, “मॅडम, रोज तुमचे चार पेशंट मी पाठवतो. आता कमिशन तरी चालू करा!” कमिशन देता येत नाही, तेही आमच्या नियमात बसत नाही, असं हसत सांगितलं; पण वेबसाइट करायची हे त्याच दिवशी ठरलं. पत्ता, वेळा, फी आणि माझ्याबद्दल चार ओळी. आठवड्याचं काम, असं वाटलं होतं.

जळगावच्या एका डिझायनर मुलाशी १४,००० रुपयांत ठरलं. डोमेन आणि होस्टिंगचे पहिल्या वर्षाचे ४,३०० रुपये वेगळे. निम्मे पैसे आगाऊ दिले. एक गोष्ट तेव्हाच केली, तुम्हीही करा: डोमेन माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर घेतलं. डिझायनरच्या खात्यात डोमेन असलं की पुढे भांडण झाल्यावर आपलंच नाव आपल्या हातात राहत नाही.

३ फेब्रुवारीला त्याने पहिला नमुना पाठवला. सर्वात वर एक सोनेरी केसांचं गोरंपान बाळ, तोंडात दुधाची बाटली. खाली मोठ्या अक्षरांत ‘खान्देशातील अग्रगण्य बालरोग व नवजात शिशू तज्ज्ञ’. त्याखाली शून्यापासून भराभरा वाढत जाणारा आकडा, ‘१०,०००+ हसरी बाळं’. (माझ्याकडे येणारी निम्मी बाळं मला पाहताच रडतात, हे त्याला कोण सांगणार?) मग तीन आयांचे अभिप्राय. या तीनही आया जगात कुठेही नव्हत्या, त्या तयार नमुन्यासोबतच आल्या होत्या. आणि माझ्या नावापुढे पदव्यांची आगगाडी. तिच्या शेवटच्या डब्यावर लिहिलं होतं: ‘पोषण (अमेरिका)’.

खोटं कशाला बोलू, पाच मिनिटं बरं वाटलं. स्वतःला अग्रगण्य म्हटलेलं कोणाला आवडणार नाही? पण मी अमेरिका फक्त टीव्हीवर पाहिली आहे. तो एक ऑनलाइन कोर्स होता, रात्री पोरांना झोपवून केलेला. डिझायनरला मी सगळी प्रमाणपत्रं एका फोल्डरमध्ये पाठवली होती, त्याने जशी सापडली तशी जोडली. चूक त्याची नव्हतीच. डॉक्टरला हॉटेलासारखी जाहिरात करता येत नाही, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि नेमकं काय चालतं, हे मलाही धड माहीत नव्हतं.

नियम शोधायला बसले तिथे पहिली फसगत झाली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाची २०२३ ची नियमावली सापडली. त्यात सोशल मीडियावर डॉक्टरांनी कसं वागावं याचा मोठा भाग आहे. मी ती छापली, पिवळ्या पेनने रंगवली आणि दहा दिवस खपून तिच्याबरहुकूम पान लिहिलं. मग धुळ्याच्या माझ्या सरांना फोन केला. सर म्हणाले, “अगं, ती २ ऑगस्ट २०२३ ला आली आणि २३ ऑगस्टला स्थगित झाली. अजून २००२ चीच चालते. आधी ती वाच.” दहा दिवस पाण्यात. तेव्हा ऐकीव माहितीवर किंवा कोणीतरी ग्रुपवर टाकलेल्या पीडीएफवर जाऊ नका. हातातला कागद लागू आहे का, हे आधी पाहा.

२००२ ची नियमावली जुनी आहे, जाहिरातीच्या कलमांत वेबसाइटचा शब्दही नाही. पण रोख स्पष्ट आहे. रुग्णांना प्रत्यक्ष किंवा आडवळणाने आपल्याकडे ओढणं अनैतिक. आपलं कौशल्य, यश, मानसन्मान यांकडे लक्ष वेधून स्वतःचा मोठेपणा मिरवणं अनैतिक. आणि पाटीवर काय असावं, तर नाव, विद्यापीठाची किंवा वैधानिक संस्थेची पदवी, विषयाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि कोणत्या राज्याच्या परिषदेकडे नोंदणी आहे ते. प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, काही दिवस गावी नाही, किंवा फी किती, हे मात्र जाहीर करता येतं. माझं मूळ काम पत्ता बदलल्याचं सांगणं हेच होतं, त्यामुळे हायसं वाटलं. वेबसाइटचा उल्लेख मला वेगळ्याच ठिकाणी सापडला. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर, पावतीवर आणि वेबसाइटवरही द्या असं म्हटलं आहे.

सरांनी एक सोपी युक्ती सांगितली. “वेबसाइट म्हणजे तुझी पाटी आणि तुझं काउंटर. जे पाटीवर लिहिशील आणि काउंटरवरची बाई जे सांगेल, तेवढंच टाक. माईक लावून गावभर जे ओरडणार नाहीस, ते तिथेही नको.” पुढे प्रत्येक ओळ मी या दोन चाळण्यांतून काढली.

आता पदव्या. इथे मीच उघडी पडले. नावापुढे एम.बी.बी.एस., डी.सी.एच., डी.एन.बी. असं लिहायचं होतं. नोंदणी क्रमांक टाकायचा म्हणून महाराष्ट्र वैद्यक परिषदेचं प्रमाणपत्र कपाटातून काढलं, तर त्यावर डी.सी.एच. पर्यंतच नोंद. डी.एन.बी. चा निकाल २०१३ चा. तेव्हा मला सातवा महिना होता. नंतर करू म्हणून जे राहिलं ते बारा वर्षं राहिलं. पदवी खरी, घासून मिळवलेली, पण परिषदेच्या दप्तरी तिची अतिरिक्त पात्रता म्हणून नोंद नाही. दवाखान्याच्या पाटीवर मात्र मी ती केव्हाच लावून मोकळी झाले होते.

१७ फेब्रुवारीला ऑनलाइन अर्ज केला. मूळ पदवी, आधीचं नोंदणी प्रमाणपत्र, फोटो, सही हे सगळं स्कॅन करून चढवलं आणि फी तिथेच भरली. २८ तारखेला त्रुटी निघाली. पदवीचा स्कॅन मी मोबाइलने घेतला होता, ट्यूबलाइटचा झोत पडून मधल्या दोन ओळी पांढऱ्या झाल्या होत्या. वर पदवीवर माहेरचं नाव आणि अर्जात मी सवयीने सासरचं आडनाव लिहिलेलं. ४ मार्चला झेरॉक्सवाल्याकडून वीस रुपयांत नीट स्कॅन करून, माहेरच्याच नावाने पुन्हा पाठवलं. ९ एप्रिलला नोंद झाली. मधल्या काळात पाटीवरच्या ‘डी.एन.बी.’वर कागद चिकटवून ठेवला होता. पेंटरला बोलवायचं की नाही यावर घरात मतदान झालं. एका आजोबांनी विचारलं, “मॅडम, पदवी काढी लिधी का?” त्यांना काय सांगायचं, मी नुसतीच हसले.

या माहेर-सासर प्रकरणातून पानावरची सगळ्यात कोरडी आणि मला वाटतं सगळ्यात उपयोगी ओळ निघाली. गावात मला सासरच्या आडनावाने ओळखतात, परिषदेच्या यादीत माहेरचं आहे. कोणी माझं नाव यादीत शोधलं तर सापडणारच नाही, आणि न सापडलेला डॉक्टर म्हणजे बोगस डॉक्टर असंच लोक धरून चालतात. म्हणून नावाखाली लिहिलं: ‘वैद्यक परिषदेतील नोंद या नावाने आहे’, पुढे ते नाव आणि क्रमांक. नाव बदलायचा अर्जही करता येतो, पण मला प्रत्येक जुन्या कागदावरचं नाव बदलायची हौस नाही.

पदव्यांच्या आगगाडीतले बाकीचे डबे असे सोडवले. नावापुढे फक्त नोंद झालेल्या तीन पदव्या. संघटनेचं सदस्यत्व काढलं. ते वर्गणी भरून मिळतं, पण सामान्य माणसाला तीही पदवीच वाटते. ऑनलाइन कोर्स खाली ‘इतर प्रशिक्षण’मध्ये गेला, असा: ‘बालपोषण, ऑनलाइन अभ्यासक्रम, १ वर्ष’. ‘ऑनलाइन’ हा शब्द आणि कालावधी लिहिला की देशाच्या नावाचा तोरा आपोआप उतरतो. मुंबईत नवजात अतिदक्षता विभागात मी सहा महिने काम केलं, तेही तसंच लिहिलं, ‘६ महिने’सकट. त्याच्या जोरावर डिझायनरने मला ‘नवजात शिशू तज्ज्ञ’ केलं होतं. त्या शाखेची डी.एम. ही वेगळी पदवी असते. ज्या शाखेची खास पात्रता नाही त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणवून घेऊ नये, हे २००२ च्या नियमात सरळ लिहिलं आहे. बालरोगतज्ज्ञ मी आहे. तिथे थांबायचं.

मग आला खरा कस लागणारा भाग.

डॉक्टरांच्या पानांवर एक रकाना असतो, ज्यात डॉक्टर कोणत्या आजारांकडे जास्त लक्ष देतो ते सांगतात. ही चांगली सोय आहे. तज्ज्ञ म्हणवायचं नाही, पण दम्याची मुलं मी जास्त बघते हे आईला कळायला हवं. डिझायनरने या रकान्याला ‘आवडीचे विषय’ असं नाव दिलं होतं. खाली ‘बालदमा, सिकलसेल, नवजात कावीळ’. मी लॅपटॉप उघडून जेवणाच्या टेबलावर बसले होते. सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, “तुले दमा आवडस का व?”

हसून झालं, पण त्यांचं खरं होतं. ‘आवडीचे विषय’ म्हणजे शाळेच्या प्रगतिपुस्तकातलं चित्रकला आणि कबड्डी. मग ‘विशेष रस’ करून पाहिलं. ‘सिकलसेलमध्ये विशेष रस’ हे वाचताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. आजारी पोराच्या आईला कोणाचा रस कशाला हवा? ‘विशेष प्रावीण्य’ म्हणजे मागच्या दाराने तज्ज्ञच. ‘विशेष उपचार केंद्र’ त्याहून वाईट. एक लक्षात आलं, ‘विशेष’ हा शब्द आला की वाक्य घसरतं. वाचणारा त्याचा अर्थ ‘तज्ज्ञ’ असाच घेतो आणि लिहिणाऱ्यालाही मनातून तेच हवं असतं. शेवटी ‘विशेष’ पूर्ण काढला आणि रकान्याला नाव दिलं: ‘या तक्रारींची मुलं मी जास्त बघते’. खरं आहे, साधं आहे आणि वाचताना तोंड वाकडं होत नाही.

पण नुसती आजारांची यादीही जाहिरातच होते. म्हणून प्रत्येक आजाराखाली दोन गोष्टी लिहायच्या ठरवल्या: इथे काय होतं आणि काय होत नाही. ‘काय होत नाही’ ही ओळ लिहिताना हात अडतो. त्यावरूनच कळतं की आधीच्या ओळीत आपण किती फुगवलं होतं.

सिकलसेलचंच बघा. चोपडा-यावलच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यातून, शिरपूरकडून ही मुलं येतात. माझा पहिला मसुदा होता, ‘सिकलसेलग्रस्त मुलांवर यशस्वी उपचार’. यशस्वी म्हणजे काय? जन्मजात रक्तदोष आहे, माझ्या गोळ्यांनी जात नाही. आईने ‘यशस्वी’ वाचलं की ती ‘बरा होतो’ असंच समजणार. दुसरा मसुदा होता, ‘सिकलसेलचे निदान व उपचार’. तोही अर्धाच खरा. नळीतली प्राथमिक चाचणी माझ्याकडे होते, पण मूल वाहक आहे की रुग्ण, हे त्या चाचणीवरून कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतं, ते मी बाहेर पाठवते. शेवटी जे राहिलं ते असं:

‘सिकलसेल असलेल्या मुलांची नियमित तपासणी, लसी, दुखण्याच्या झटक्यावर औषध, आणि हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर ठरलेल्या वेळी रक्ततपासणी इथे होते. नक्की निदानाची तपासणी इथे होत नाही, नमुना बाहेर पाठवतो. रक्त चढवायची सोय नाही. अशा मुलाला ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा, आमच्याकडे किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात.’

शेवटचं वाक्य डिझायनरला खटकलं. “मॅडम, स्वतःच्या वेबसाइटवर दुसरीकडे जा असं कोण लिहितं?” पण या मुलांची प्लीहा नीट काम करत नाही, ताप म्हणजे जंतुसंसर्ग रक्तात गेल्याची भीती. पावरा पाड्यावरून अमळनेरला यायला अर्धा दिवस जातो. ती ओळ ठेवली. नवजात बाळांच्या खालीही तसंच लिहिलं: वजन, कावीळ, अंगावर पिण्याच्या अडचणी बघते, काचेच्या पेटीत ठेवायची, श्वासाचं मशीन लावायची सोय इथे नाही, त्या बाळाला धुळे किंवा जळगावला न्यावं लागतं.

दम्याचं तुलनेनं लवकर झालं. तिथे फक्त ‘दमा मुळापासून’ हे दोन शब्द खोडले. ‘पंप कसा ओढायचा ते आई आणि मुलाकडून दोनदा करून घेते’ हे घातलं, कारण निम्मा त्रास तिथेच असतो.

आता जिव्हाळ्याचं. डिझायनरचं म्हणणं होतं की हे सगळं फार रुक्ष झालं, थोडा गोडवा हवा. त्याचा गोडवा म्हणजे ‘तुमच्या बाळाचं हसू हेच आमचं ध्येय’. ही ओळ खान्देशातल्या निदान दहा दवाखान्यांच्या भिंतीवर असेल. काउंटरवरच्या ताईंना मी विचारलं, “फोनवर लोक तुम्हाला काय काय विचारतात?” त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं: नंबर लावायला स्वतः यावं लागतं का, लस बुधवारीच का, मॅडम रागावतात का, जुने कागद हरवले तर चालेल का. त्यातून पानाचा शेवटचा परिच्छेद तयार झाला. ‘लसीचं कार्ड हरवलं असेल तरी या, आठवेल तेवढं सांगा. बाळ खूप तापलं असेल, दूध ओढत नसेल किंवा निपचित असेल तर रांगेत थांबू नका, काउंटरवर लगेच सांगा. प्रश्न विसरतात, म्हणून कागदावर लिहून आणा, मी रागावत नाही.’ शेवटचे तीन शब्द ताईंच्या आग्रहाखातर. त्या म्हणाल्या, लोक तेच तर विचारतात.

आणि भाषा. ‘मराठी, हिंदी बोलते’ असं लिहून झाल्यावर एक ओळ अहिराणीत घातली: ‘अहिराणीमा बोला, माले समजस.’ डिझायनरला ती सर्वात वर, रंगीत हवी होती. मी खाली, भाषांच्या रकान्यातच ठेवली. ती माहिती आहे, आणि घोषणा केली की तिचं नाटक होतं.

काही गोष्टी पटापट उडाल्या. अभिप्राय काढले, खरे मिळाले असते तरी काढले असते, कारण माझ्या समोर बसलेली आई ‘लिहून द्या’ म्हटल्यावर नाही म्हणू शकत नाही. वाढत जाणारा आकडा काढला. बाटलीवालं बाळ काढलं. दूधपावडर आणि बाटल्यांच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, दवाखान्यात तसली पोस्टरही लावता येत नाहीत. बालरोगतज्ज्ञाच्याच पानावर बाटली म्हणजे कमालच. ‘२४ तास सेवा’ काढलं, रात्री मी झोपते. तिथे लिहिलं: ‘रात्री १०८ ला फोन करा.’

फोटोवर मात्र आठवडा गेला. लेटरहेडवर आणि पाटीवर स्वतःचा फोटो छापणं ही आत्मजाहिरात, असं नियम म्हणतो. वेबसाइटचं नाव घेत नाही. पुष्कळ डॉक्टर लावतात, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण सरांची पाटीची चाळणी लावली तर माझा फोटो गळूनच पडतो. त्याजागी दवाखान्याच्या दाराचा फोटो टाकला, शेजारच्या मेडिकलची पाटी आणि समोरचं कडुलिंबाचं झाड दिसेल असा. लोकांना झाडावरूनच पत्ता कळतो.

फी लिहावी की नाही, यावर एका मैत्रिणीशी वाद झाला. ती म्हणाली, फी लिहिणं हलकं दिसतं. नियम फी जाहीर करू देतो, आणि एरंडोल-पारोळ्याहून एसटीने येणाऱ्या बाईला खिशात किती हवेत हे आधी कळलेलं बरं. ‘तपासणी ३०० रुपये, ५ दिवसांत पुन्हा दाखवल्यास फी नाही’ असं लिहिलं. ‘फक्त’ हा शब्द घातला नाही, सवलतीचा बोर्ड झाला असता.

एप्रिलच्या मध्यावर सगळं तयार झालं असं वाटून मी लिंक घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. लिंकसोबत जो चौकोन उमटतो त्यात ठळक अक्षरं आली: ‘No. 1 Clinic’. पानावर तर असं काहीच नव्हतं! जळगावला इंजिनिअरिंग शिकणारा भाचा म्हणाला, “मामी, पानावर नाही, पानाच्या पोटात आहे.” त्याने ब्राउझरमध्ये ‘View page source’ उघडून दाखवलं:

```html
<title>Best Child Specialist in Amalner | No. 1 Clinic</title>
<meta property="og:description" content="Top rated doctor, 100% safe treatment">
```

अडीच महिने मी दिसणारे शब्द निवडत बसले होते आणि न दिसणाऱ्या भागात पहिल्या नमुन्याची जाहिरात तशीच बसून होती. गूगलच्या यादीत आणि व्हॉट्सअॅपवर लोकांना आधी हेच दिसतं. त्याच्याही खाली `aggregateRating` नावाच्या ओळीत मला २१२ जणांनी ४.९ तारे दिलेले होते. तेही नमुन्यासोबत आलेले. ‘१००% सुरक्षित’ हे तर मी पॅरासिटामॉलबद्दलही म्हणणार नाही.

डिझायनर बिचारा वरमला, त्याने तासाभरात बदललं:

```html
<title>बालरोगतज्ज्ञ, अमळनेर – पत्ता, वेळा, फी</title>
<meta property="og:description" content="स्टेशन रस्ता. सोमवार ते शनिवार. मराठी, अहिराणी, हिंदी.">
```

ताऱ्यांची ओळ पूर्ण काढली. बदललं तरी व्हॉट्सअॅपवर काही दिवस जुनाच चौकोन येत राहिला, कारण तो जुनं साठवून ठेवतो. लिंकच्या शेवटी `?v=2` जोडून पाठवलं की नवीन दिसतं, ही भाच्याची युक्ती. तुमची वेबसाइट आधीच तयार असेल तर आज एकदा पानाचं पोट उघडून `best`, `top` आणि `rating` शोधा.

३० एप्रिलला, आखाजीला, पान सगळ्यांसाठी खुलं केलं. मुली माहेरी आलेल्या, झाडांना झोके बांधलेले, ओपीडी निम्मी रिकामी. एकूण खर्च १८,३०० रुपये, परिषदेची फी आणि पेंटर वेगळे. मधे एका कंपनीने फोन करून ‘सर्वोत्तम बालरोगतज्ज्ञ पुरस्कार’ २५,००० रुपयांत देऊ केला होता, तो घेतला नाही.

मे महिन्यात एका रात्री साडेनऊला फोन आला. चोपड्याकडचा एक बाप. घरीच बाळंतपण झालेलं, दीड महिना आधी, बाळ कण्हत होतं, हातपाय गार. म्हणाला, “मॅडम, तुमच्या मोबाइलवाल्या पानावर लिखेल शे, काचनी पेटी नही. मंग आमी तठे येवानं का सीधं जळगावले जावानं?” मी म्हटलं, सरळ जळगाव, १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत बाळ आईच्या छातीला उघड्या अंगाने लावून वरून गोधडी घाला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की पेटी नाही एवढंच मी लिहिलंय, वाटेत काय करायचं ते लिहिलेलं नाही. त्याच रात्री ती ओळ जोडली: ‘न्यायच्या वाटेत बाळाला आईच्या अंगाशी, त्वचेला त्वचा लावून ठेवा, डोकं झाका.’ मग लिंकमागे `?v=3` लावून भाच्याला पाठवली आणि चौकोनात काय उमटतं ते पाहिलं.